‘१.२० एकर’ म्हणजे नक्की किती? जमिनीच्या जाहिरातीतला इंग्रजी मजकूर मराठीत आणताना

गेल्या वर्षी माझ्या मामांनी वाई तालुक्यातली आपली बिनशेती जमीन विकायला काढली. एजंटने इंग्रजीत एक संदेश तयार करून दिला आणि मामांनी तो माझ्याकडे पाठवला. “परदेशातल्या आपल्या लोकांना पाठवायचाय, मराठी करून दे,” इतकंच त्यांचं म्हणणं होतं. आठ-दहा ओळींचा मजकूर होता आणि इंग्रजी सोपं होतं. मी तासाभरात मराठी करून दिलं, आणि त्या आठ-दहा ओळींत क्षेत्राच्या तीन चुका गेल्या. त्यातल्या दोन मूळ संदेशातच होत्या, मी त्या तशाच पुढे नेल्या. तिसरी पूर्णपणे माझी होती.

जर्मनीतल्या एका मराठी जोडप्याने हिशोब मांडून फोन केला तेव्हा हे उघड झालं. त्या बाई म्हणाल्या, “ताई, तुमच्या एकाच संदेशातून जमिनीची तीन वेगवेगळी मापं निघतायत. खरं कोणतं?” त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून असा मजकूर हाताळताना मी जो क्रम पाळते, तो इथे देते आहे. महाराष्ट्रातल्या जमिनीचा इंग्रजी संदेश परदेशस्थ मराठी माणसांसाठी मराठीत आणायचं काम पहिल्यांदाच हातात आलेल्यांसाठी हे आहे.

आधी हाताशी काय हवं

- मूळ इंग्रजी संदेश, जसाच्या तसा. कुणीतरी फोनवर वाचून दाखवलेला चालणार नाही, कारण टिंब कुठे आहे आणि स्वल्पविराम कुठे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.
- जमिनीचा चालू सातबारा. भूमी अभिलेख संकेतस्थळावरून, bhulekh.mahabhumi.gov.in इथून, तो पाहता येतो. शहर हद्दीत नगर भूमापन झालेलं असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका मागा. तिच्यावर क्षेत्र थेट चौरस मीटरमध्ये असतं आणि तुमचं अर्धं काम तिथेच होतं.
- जमीन बिनशेती असल्याचं संदेशात म्हटलं असेल तर त्या आदेशाची प्रत.
- मोजणी झाली असल्यास मोजणीचा नकाशा.
- साधा कॅल्क्युलेटर.

शब्दकोश मी या यादीत मुद्दाम घातलेला नाही. या कामात तो फारसा लागत नाही, सातबारा मात्र लागतोच.

१. भाषेला हात लावण्याआधी क्षेत्र चौरस मीटरमध्ये पक्कं करा

मी पहिल्या वेळी नेमकं उलटं केलं. आधी वाक्यं मराठीत आणली आणि आकडे तसेच उचलून ठेवले. आकडे भाषांतरात बदलत नाहीत, असं मला वाटत होतं. पण जमिनीच्या बाबतीत आकडा आपल्या एककाशिवाय आणि लिहिण्याच्या रीतीशिवाय काहीच सांगत नाही.

म्हणून सातबारा उघडा आणि क्षेत्राच्या रकान्यावर एकक कोणतं छापलंय ते आधी पाहा. शेतजमिनीच्या उताऱ्यावर ‘हे.आर.चौ.मी.’ असतं, म्हणजे हेक्टर, आर आणि चौरस मीटर. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर ‘आर.चौ.मी.’ असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक हेक्टर म्हणजे १०० आर.

आता या नोंदीतली टिंबं दशांशचिन्हं नाहीत, ती घरं वेगळी करणारी टिंबं आहेत. ०.६०.७० असं लिहिलं असेल तर ते शून्य हेक्टर, साठ आर, सत्तर चौरस मीटर. वाचायची सोपी युक्ती अशी की प्रत्येक घर दोन अंकी आहे याची खात्री करायची आणि सगळी टिंबं काढून टाकायची. उरतं ते चौरस मीटर: ६०७०. बिनशेतीच्या उताऱ्यावर हीच जमीन ६०.७० अशी दिसेल, टिंब काढलं की पुन्हा ६०७०.

दोन अंकी घराची अट विसरू नका. उताऱ्यावर ०.०६.५० असतं, म्हणजे ६५० चौरस मीटर. कुणी ते हाताने टंकताना ०.६.५ केलं की पुढचा माणूस ते ६५ चौरस मीटर समजू शकतो. अशी एखादी नोंद संदेशात दिसली तर संदेशावर विश्वास ठेवू नका, उताऱ्यावर परत जा.

मामांच्या उताऱ्यावर ६०.७० आर.चौ.मी. होतं, म्हणजे ६,०७० चौरस मीटर. हा आकडा मी आता कागदाच्या डोक्यावर मोठा लिहून ठेवते. संदेशातला क्षेत्राचा प्रत्येक उल्लेख फिरून याच आकड्यावर यायला हवा. जो येत नाही तो चुकीचा लिहिलेला आहे किंवा मी तो चुकीचा वाचते आहे.

२. टिंबाचा अर्थ ठरवा: दशांश की गुंठे?

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत घातक सापळा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

मामांच्या संदेशात इंग्रजीत ‘वन पॉइंट टू झिरो एकर्स’ असं होतं, अंकांत १.२०. मी मराठीत ‘१.२० एकर’ लिहिलं. मामांना ते वाचून काहीही खटकलं नाही, कारण गावाकडे १.२० एकर म्हणजे एक एकर वीस गुंठे. जुन्या उताऱ्यांवर एकर आणि गुंठे असेच शेजारी लिहिलेले असायचे आणि बोलण्यातही ती सवय टिकून आहे. एकराचे ४० गुंठे, तेव्हा एक एकर वीस गुंठे म्हणजे ६० गुंठे, म्हणजे दीड एकर.

जर्मनीतल्या त्या जोडप्याने मात्र शाळेत शिकवलेला दशांश वाचला. त्यांच्यासाठी १.२० एकर म्हणजे एक एकर आणि वर एकराचा पाचवा हिस्सा. पाचवा हिस्सा म्हणजे ८ गुंठे, एकूण ४८. चौरस मीटरमध्ये ४,८५६. मामांची जमीन त्यांच्या हिशोबात १२ गुंठ्यांनी आटली. सांगितलेली किंमत त्यांनी ६० ऐवजी ४८ गुंठ्यांनी भागली तेव्हा गुंठ्याचा भाव बरोबर सव्वापट निघाला. आम्ही भाव चढवून सांगतोय, असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं?

उलट दिशेनेही हे होतं. परदेशात वाढलेल्या मालकाने इंग्रजीत ‘१.५ एकर’ लिहिलं, अर्थ दीड एकर. गावाकडच्या नातेवाइकाने ते ‘एक एकर पाच गुंठे’ वाचलं. साठ गुंठ्यांचे पंचेचाळीस झाले.

मग ओळखायचं कसं? टिंबानंतरचा आकडा ४० किंवा त्याहून मोठा असेल, जसं १.५० किंवा २.७५, तर तो दशांशच. एक एकर पन्नास गुंठे असं कुणी म्हणत नाही, चाळीस झाले की एकर पूर्ण होतो. टिंबानंतर एकच अंक आहे, किंवा दोन अंक आहेत आणि ते ०१ ते ३९ यांच्यामध्ये आहेत, तर दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि नुसतं बघून ठरवता येत नाही. तेव्हा दोन्ही अर्थांनी चौरस मीटर काढा आणि उताऱ्याशी ताडून पाहा. एका एकराचे ४,०४६.८६ चौरस मीटर आणि एका गुंठ्याचे १०१.१७.

मामांच्या बाबतीत:

```
1.20 × 4046.86 = 4856
60 × 101.17    = 6070
```

उतारा ६,०७० म्हणतो, तेव्हा टिंब गुंठ्यांचं आहे. पाच मिनिटांचं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

अर्थ कळल्यावर मराठीत ते टिंब ठेवूच नका. ‘१ एकर २० गुंठे’ असं मोकळं लिहा. खरोखर दशांश असेल तर त्याचेही गुंठे करून लिहा: १.२५ एकर असेल तर ‘सव्वा एकर, म्हणजे ५० गुंठे’. आपल्या भाषेत सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द आहेत ते यासाठी फार उपयोगी पडतात. ‘दीड एकर’ ऐकून कुणी एक एकर पाच गुंठे समजत नाही.

३. ‘आर’ आणि गुंठा एक करू नका

मामांच्या संदेशात एकराच्या शेजारी ‘सिक्स्टी आर’ असंही होतं, इंग्रजीतलं नुसतं आर हे एक अक्षर. परदेशातल्या वाचकाला त्यातून काहीच बोध होत नाही. आपल्याकडे उताऱ्यावर आर असतो आणि व्यवहारात ‘आर म्हणजे गुंठाच की’ असं सर्रास म्हणतात. जवळपास बरोबर आहे ते. एक आर १०० चौरस मीटर, एक गुंठा १०१.१७. चौरस फुटांत आर साधारण १,०७६ आणि गुंठा १,०८९.

एका गुंठ्यावर हा फरक तेरा चौरस फुटांचा आहे, कुणी लक्षही देणार नाही. पण साठ गुंठ्यांना साठ आर म्हटलं की ७० चौरस मीटर गायब होतात. चौरस फुटांत ते साडेसातशेच्या वर जातात, म्हणजे दोन खोल्यांचं घर बसेल एवढी जागा. खरेदीखतावर क्षेत्र उताऱ्याप्रमाणे येणार, तेव्हा ही तफावत विचारली जाणारच.

एजंटने ‘आर’ लिहिताना मनात गुंठे धरले होते. म्हणून एकाच संदेशातून ४,८५६, ६,००० आणि ६,०७० अशी तीन मापं निघत होती. त्या बाईंनी नेमकी हीच तीन मला वाचून दाखवली.

अनुवादात मी ‘आर’ हा शब्द फक्त उताऱ्याची नोंद सांगताना वापरते आणि तिथेच चौरस मीटरचा आकडा देते. भाव, लांबी-रुंदी, तुलना या कशातही आर आणत नाही. संदेशात ‘रेट पर आर’ असेल तर आधी विकणाऱ्याला विचारा: भाव आरचा सांगताय की गुंठ्याचा? हे तुम्ही स्वतः ठरवू नका.

४. ‘फीट स्क्वेअर’ आणि ‘स्क्वेअर फीट’

ही चूक माझी. मूळ संदेशात गुंठा समजावून सांगणारं वाक्य होतं: एक गुंठा म्हणजे ‘थर्टी-थ्री फीट स्क्वेअर’. मी लिहिलं, ‘एक गुंठा म्हणजे ३३ चौरस फूट’.

इंग्रजीत ‘स्क्वेअर’ हा शब्द फुटाच्या आधी आला की ते क्षेत्रफळ असतं आणि फुटाच्या नंतर आला की ती चौरसाची बाजू असते. ‘थर्टी-थ्री फीट स्क्वेअर’ म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस. ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. मी लिहिलेलं ३३ चौरस फूट म्हणजे तीन चौरस मीटर, लहानशा न्हाणीघराएवढं. माझ्या वाक्याप्रमाणे एकर फक्त १,३२० चौरस फुटांचा होत होता. खरा एकर ४३,५६० चौरस फुटांचा आहे.

हा ३३ फुटांचा आकडा कुठून आला हे माहीत असलं की तो चुकत नाही. इंग्रजी अमदानीत जमीन साखळीने मोजली जायची. इंग्रजांची मोजणीची साखळी ६६ फुटांची, तिच्या निम्मी ३३ फुटांची. ३३ फुटांच्या साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा. गुंठ्याचे सोळा आणे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. जुन्या मंडळींच्या तोंडी ‘पाच गुंठे आठ आणे’ आलं तर ते पैशांचं बोलत नसतात, साडेपाच गुंठ्यांचं बोलत असतात. इंग्रजी संदेशात हे आणे आलेले मी एकदाच पाहिलेत, पण आले तर रुपये-आणे समजून गाळून टाकू नका.

मराठीत लिहिताना ‘३३ बाय ३३ फूट’ चालतं, पण मला ‘३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागेएवढं क्षेत्र’ जास्त आवडतं. ‘एवढं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसला की काही जण समजतात प्लॉट चौरसच आहे. दहा गुंठ्यांचा प्लॉट लांबट असू शकतो, त्रिकोणीसुद्धा असू शकतो.

‘चौरस’ हाच शब्द ठेवा. ‘वर्ग फूट’ ही हिंदीतली रीत आहे, मराठी वाचकाला ती परकी वाटते. तसंच ‘स्क्वेअर यार्ड’ आलं तर ‘चौरस वार’ लिहा. एका गुंठ्याचे १२१ चौरस वार होतात. पण हल्ली महाराष्ट्रात तरुण मंडळींना वार कळत नाही आणि बाहेर राहणाऱ्यांना तर नाहीच, म्हणून शक्य असेल तर ते चौरस मीटरमध्येच बदला.

५. वाचणारा कुठे राहतो ते पाहून एकक निवडा

सगळी एककं एकाच ओळीत ओतायचा मोह होतो. मीही एकदा एकर, गुंठे, आर, हेक्टर, चौरस फूट आणि चौरस वार अशी माळ लावली होती. वाचणाऱ्याला त्यातून एकही आकडा लक्षात राहिला नाही.

दोन पुरेत: एक त्याच्या रोजच्या वापरातलं आणि एक आपल्या व्यवहारातलं. युरोपात राहणाऱ्यांना चौरस मीटर कळतात. अमेरिकेत आणि दुबईत घरं चौरस फुटांत मोजतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये एकर ओळखीचा आहे, आणि तो एकर आपल्याच एकराएवढा आहे, त्यामुळे तिथे फक्त गुंठा समजावून सांगावा लागतो. गुंठा मात्र ठेवायलाच हवा, कारण मामा फोनवर गुंठ्यांतच बोलणार आहेत.

गुंठा डोळ्यांसमोर आणून द्यायचा असेल तर मी बॅडमिंटनच्या कोर्टाचा दाखला देते. दुहेरीचं कोर्ट साधारण ८२ चौरस मीटर असतं, तेव्हा गुंठा म्हणजे सव्वा कोर्ट. कोर्ट जगात कुठेही तेवढंच असतं.

अंकांबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. परदेशात वाढलेली पुढची पिढी मराठी बोलते, थोडं वाचतेही, पण देवनागरी अंकांत अडखळते. आपला ४ त्यांना इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ नऊसारखा. ‘४० गुंठ्यांचा एकर’ हे एका मुलाने ऐंशी गुंठ्यांचा एकर असं वाचलेलं मी ऐकलं आहे. तेव्हापासून महत्त्वाचा आकडा मी एकदा अक्षरीही लिहिते: ‘४० (चाळीस) गुंठे’. खरेदीखतात रक्कम जशी अक्षरी लिहितात, तसंच.

आणि ‘दर’ हा शब्द जपून वापरा. ‘दर गुंठा पाच लाख’ यात दर म्हणजे प्रत्येक की भाव, हे मराठी माणसाला संदर्भाने कळतं, पण ‘दर गुंठ्याचा दर’ असं वाक्य झालं की कळेनासं होतं. ‘एका गुंठ्याचा भाव’ लिहिलं की प्रश्न मिटतो. भाव गुंठ्याचा आणि क्षेत्र फक्त चौरस मीटरमध्ये, असंही करू नका. ज्या एककात भाव, त्याच एककात एकूण क्षेत्र शेजारी हवं.

६. अनुवाद करण्याआधी विचारा: ही जमीन त्यांना घेता येते का?

हा भाग भाषेचा नाही, तरीही तुमच्याच हातून जाणार आहे. इंग्रजी संदेशांत ‘एनआरआयसाठी उत्तम शेतजमीन’, ‘फार्महाऊससाठी एक एकर’ अशा ओळी नेहमी दिसतात. परकीय चलनाच्या व्यवहारांबद्दलच्या फेमा कायद्याच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना भारतात शेतजमीन, प्लँटेशनची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते, खरेदीने नाही. शिवाय महाराष्ट्रात कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला परवानगी लागते. राहण्यासाठी किंवा व्यवसायासाठीची बिनशेती मिळकत मात्र अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक घेऊ शकतात.

म्हणून ‘लँड’ या एका इंग्रजी शब्दाचं मराठी करताना थांबा. उतारा पाहा आणि ‘शेतजमीन’ की ‘बिनशेती जमीन’ हे स्पष्ट लिहा. नुसतं ‘जमीन’ लिहून मोकळं होऊ नका. जमीन शेतीची असेल आणि संदेश परदेशस्थांसाठी असेल, तर मजकूर परत पाठवा आणि कारण सांगा. मी असे दोन संदेश परत केले आहेत. एकाने ऐकलं, एकाने दुसऱ्याकडून करून घेतलं.

प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावाच लागतो. लांबलचक आणि रुक्ष दिसतो म्हणून अनुवादात तो गाळू नका.

७. मजकूर लिहा, मग उलटा तपासा

मामांचा संदेश दुसऱ्यांदा लिहिला तो असा:

> बिनशेती जमीन, तालुका वाई. क्षेत्र ६,०७० चौरस मीटर, म्हणजे ६० (साठ) गुंठे किंवा दीड एकर. सातबाऱ्यावरील नोंद: ६० आर ७० चौरस मीटर.
> एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागेएवढं क्षेत्र: १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. ४० (चाळीस) गुंठ्यांचा एक एकर.
> क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे दिलं आहे. सातबारा आणि बिनशेती आदेशाची प्रत मागितल्यास पाठवू.

यात ‘१.२० एकर’ नाही, सुटा ‘आर’ नाही आणि ‘सुमारे’ हा शब्दही नाही. मूळ इंग्रजीत एकूण क्षेत्राला ‘अ‍ॅप्रॉक्स’ लावलेलं होतं. उताऱ्यावरची नोंद सुमारे नसते. ‘सुमारे’ लावायचं तर ते रूपांतरित आकड्याला, आणि तेही तुम्ही पूर्णांक केला असेल तरच.

पूर्णांक करताना आणखी एक गफलत होते. गुंठ्याचे १०१ चौरस मीटर असं लिहिलं तर वाचणारा ६० ने गुणतो आणि त्याला ६,०६० मिळतात. दहा चौरस मीटर कुठे गेले, हा प्रश्न लगेच येतो. म्हणून एका गुंठ्याचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवा आणि एकूण क्षेत्र पूर्णांकात लिहा.

प्रत्यक्ष मोजणीत निघालेलं क्षेत्र आणि उताऱ्यावरचं क्षेत्र यांत फरक असू शकतो. अशा वेळी दोन्ही आकडे लिहा आणि कोणता कशाचा ते सांगा. त्यांची सरासरी काढू नका, आणि मोठा तेवढाच ठेवू नका.

शेवटी उलटी तपासणी. मूळ इंग्रजी बाजूला ठेवा आणि जमीन न पाहिलेल्या कुणाला तरी फक्त तुमचं मराठी वाचायला द्या. त्यांना एकच विचारा: यातून चौरस मीटर किती निघतात? मी माझ्या आत्याला विचारते. तिने कॅल्क्युलेटर काढून साठ गुणिले १०१.१७ केलं आणि “सहा हजार सत्तर, थोडं वरच” म्हणाली, तेव्हा मी मजकूर मामांकडे पाठवला. मामांनी तो वाचून विचारलं, “हे मीटर-बिटर कशाला घातलंस?” मी त्यांना उताऱ्यावरचं ६०.७० दाखवलं आणि मधलं टिंब बोटाने झाकलं.